सुनंदा शेलार यांचं औषधपत्र आणि लसीचा दाखला : मराठी प्रत

आई, काउंटरवर द्यायचे ते मूळ इंग्रजी कागद. ही प्रत तुझ्यासाठी. ओळी त्याच क्रमाने लिहिल्यात, कुणी काही विचारलं तर मूळ कागदावर त्या ओळीवर बोट ठेव. पासपोर्टचा नंबर मुद्दाम घातलेला नाही. ही प्रत कुठे विसरलीस तर नसती भानगड नको.

डॉक्टरांचं पत्र
पुणे, २६ डिसेंबर २०२५

संबंधित अधिकारी व डॉक्टर यांस,

श्रीमती सुनंदा दत्तात्रय शेलार (जन्म १४ मार्च १९६८) माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांना मधुमेह (टाइप २) आणि उच्च रक्तदाब आहे. २ ते २२ जानेवारी २०२६ या काळात त्या नैरोबीत असतील. पुढील औषधे त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी असून प्रवासात जवळ असणे आवश्यक आहे :

इन्सुलिन ग्लार्जिन, १०० युनिट प्रति मिली, ३ मिलीची ३ पेन. रोज एकदा १६ युनिट, त्वचेखाली. पेनच्या सुया ३०. साखर तपासण्याचे यंत्र, पट्ट्या व लॅन्सेट.
मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, जेवणानंतर दिवसातून दोनदा.
अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, सकाळी एक.

इन्सुलिन गोठल्यास निकामी होते, म्हणून ते सामानाच्या कप्प्यात न टाकता हातातल्या बॅगेतच राहू द्यावे.

पेनिसिलिनची अॅलर्जी : अंगावर गांधी व धाप. पेनिसिलिन गटातील औषध देऊ नये.

घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा दिसल्यास आधी साखर तपासावी. शुद्धीवर असल्यास गोड पेय द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही देऊ नये.

(सही, नोंदणी क्रमांक व शिक्का मूळ पत्रावर)

दोन पेन पुरतात, तिसरं जादा. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे दहा तिथे साडेसातला वाजतात. डॉक्टर म्हणाले, तिथे साडेसातलाच घे. दवाखान्यात इंग्रजी समजणारं कुणी नसलं तर स्वाहिलीत म्हण, ‘निना किसुकारी’, मला मधुमेह आहे. साखरेला तिकडे सुकारी म्हणतात, तेव्हा विसरणार नाहीस.

लसीकरणाचा आंतरराष्ट्रीय दाखला

दाखला देण्यात येतो की सुनंदा दत्तात्रय शेलार, स्त्री, भारतीय नागरिक, जन्म १४ मार्च १९६८, यांना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार खालील लस देण्यात आली आहे.

रोग : पीतज्वर
लस दिल्याची तारीख : ८ डिसेंबर २०२५
वैधता : १८ डिसेंबर २०२५ पासून आजन्म
उत्पादक, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का : मूळ कार्डावर

लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून दोन तारखा. ‘दहा वर्षं झाली की पुन्हा’ असं कुणी म्हणालं तर तो नियम २०१६ मध्ये बदललाय. येताना मुंबईला हेच कार्ड मागतात; केनियाहून येणाऱ्याकडे नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नकोस, पर्समध्ये पासपोर्टला लावून ठेव.