मंगल कार्यालय आरक्षणाच्या अटी, मालवण

सभागृहात खुर्च्या मांडून 350 माणसे बसतात आणि पंगतीला एका वेळी 120 पाने लागतात. आमंत्रणे याच हिशोबाने द्यावीत. जून ते सप्टेंबर अंगणात मांडव घालता येत नाही, म्हणून त्या काळात 250 माणसेच धरावीत. दारात छत्र्या-चपलांचा ढीग पडला की वाटच उरत नाही.

भाडे सकाळी 7 ते संध्याकाळी 5 पर्यंतचे आहे. पुढे दर तासाला 1,500 रुपये. तास सुरू झाला की पूर्ण धरला जाईल. मुंबईची मंडळी गाडीने उशिरा पोचली, हे कारण चालणार नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक कायद्याने बंद, त्यात आमच्याकडून सूट नाही.

अनामत 10,000 रुपये, किल्ली घेताना भरावी. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या माणसासमोर पाहणी होईल आणि उरलेली रक्कम 7 दिवसांत परत मिळेल. मोडलेल्या खुर्चीचे 600 रुपये, भिंतीत ठोकलेल्या प्रत्येक खिळ्याचे 200. फरशीवरचा हळदीचा डाग निघाला तर काही नाही, न निघाल्यास घासाईचा खर्च. भांडी मोजून घ्यावीत, मोजूनच द्यावीत. पळ्या आणि डाव हमखास कमी भरतात.

आचारी, भटजी, फोटोवाले तुमचे आणा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरच्या डेकोरेटरला 2,000 रुपये. जनरेटर व साउंड मात्र आमचाच घ्यावा लागेल, कारण जुन्या वायरिंगला जास्त भार सोसत नाही. मासे-मटण मागच्या पडवीतच शिजवावे.