विना-रेंज नोंदीच्या घोषणेचा मजकूर: नवा मसुदा

सागर,

'फवारणी वही' ॲपच्या नव्या आवृत्तीच्या घोषणेचा काल रात्री टाकलेला तुझा मसुदा वाचला. काम झकास झालंय, त्यात वादच नाही. मजकूर मात्र मी पहिल्यापासून पुन्हा लिहिलाय. आधी तुझी सुरुवात इथे ठेवते, म्हणजे दोन्ही समोरासमोर दिसतील:

> आवृत्ती २.४ मध्ये आम्ही ऑफलाइन-फर्स्ट आर्किटेक्चर आणले आहे. एसक्यूलाइटवरील लोकल डेटाबेस, वर्कमॅनेजरद्वारे बॅकग्राउंड सिंक, क्लायंट-साइड टाइमस्टॅम्प आणि 'लास्ट राइट विन्स' पद्धतीचे कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन ही या आवृत्तीची वैशिष्ट्ये आहेत. यामुळे नेटवर्क नसतानाही नोंद करता येईल.

बागायतदाराला हवी ती गोष्ट शेवटच्या ओळीत आहे, आणि तिथवर तो वाचत येणारच नाही. गेल्या आठवड्यात मी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत गेले होते. ब्लोअर सुरू, काका बांधावर उभे, आणि फोनवर ते गोल चक्र नुसतं फिरतंय. दोन मिनिटं वाट बघितली त्यांनी. मग फोन खिशात टाकला आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडून त्यावर औषधाचं नाव आणि डोस लिहिला. "रात्री घरी गेल्यावर भरतो," म्हणाले. तो कागद डोळ्यासमोर ठेवून खालचं लिहिलंय.

---

बागेत रेंज नसली तरी फवारणीची नोंद आता तिथल्या तिथे

नमस्कार,

ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरीच्या फवारण्या एकामागून एक सुरू होतात. त्या गडबडीत नोंद रात्रीवर ढकलली की डोस आठवत नाही, कधी तारीखच चुकते. बागेत रेंज नसेल तर आजवर आपल्या 'फवारणी वही'चा काही उपयोग होत नव्हता. ती अडचण आता दूर झाली आहे.

टाकी भरताना किंवा ब्लोअर थांबला की लगेच नोंद करा. रेंज असो वा नसो, नोंद तुमच्या फोनमध्ये राहील आणि फोनला रेंज मिळाली की आपोआप वर जाईल. तुम्हाला पुन्हा काही भरायचे नाही.

दुसरी गोष्ट निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागांच्या कामाची. याआधी शनिवारची फवारणी सोमवारी वर गेली, तर वहीत तारीख सोमवारची पडत होती आणि पीएचआयचे दिवसही सोमवारपासूनच मोजले जात होते. आता तुम्ही ज्या दिवशी, ज्या वेळी नोंद केली तीच तारीख-वेळ राहील. काढणीआधीचे दिवस त्यावरूनच मोजले जातील. फोनमधली तारीख बरोबर आहे ना, एवढे एकदा पाहून घ्या.

नोंद वर गेली की नाही हे कसे कळेल? नोंदीशेजारी केशरी घड्याळ दिसत असेल तर ती अजून फोनमध्येच आहे. हिरवी खूण आली की वर पोचली. घरी आल्यावरही घड्याळ तसेच दिसले तर ॲप एकदा उघडा. काही फोनमध्ये बॅटरी सेव्हर सुरू असल्यास ॲपला मागून काम करता येत नाही. उघडल्यावर नोंदी वर जातात.

कृपया एवढे सांभाळा: केशरी घड्याळ असेपर्यंत ॲपमधून लॉगआउट करू नका आणि ॲप काढून टाकू नका. तसे केल्यास वर न गेलेल्या नोंदी पुसल्या जातील, आणि त्या आम्हालाही परत आणता येणार नाहीत.

घरातले दोघे एकच वही वापरत असाल, वडील आणि मुलगा असे, तर एकाच फवारणीची जुनी नोंद दोघांनी बदलू नये. दोघांनी बदलली तर ज्याने शेवटी बदल केला त्याचा आकडा वहीत राहतो. नवी नोंद दोघांपैकी कोणीही करावी, तिला काही धोका नाही.

ही सोय मिळवण्यासाठी प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट करा. अपडेट घरी किंवा गावात, रेंज असताना करा. पैसे वेगळे नाहीत. अडचण आली तर ॲपमधल्या 'मदत' या बटणावर बोट ठेवा, फोन थेट आमच्याकडे लागेल.

– फवारणी वही, नाशिक

*पॅकहाऊस आणि सल्लागार मंडळींसाठी: आवृत्ती २.४, अँड्रॉइड ८ पासून पुढे. नोंदी फोनवरील एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहतात आणि वर्कमॅनेजरमार्फत सर्व्हरवर जातात. फोन बंद करून चालू केला तरी रांग टिकते. एकाच नोंदीत दोन बदल असल्यास उशिराचा बदल ग्राह्य धरला जातो.*

---

आता तुझ्याशी थोडं. तांत्रिक भाग मी सरसकट खाली ढकललेला नाही. तुझ्या यादीतल्या दोन गोष्टी उलट वर आल्या. 'क्लायंट-साइड टाइमस्टॅम्प' हे तू स्वल्पविरामांच्या मधे ठेवलं होतंस, पण पीएचआयची तारीख सरकत होती हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी या अपडेटमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. 'लास्ट राइट विन्स'चंही तसंच. ते वडील-मुलाच्या घरातलं भांडण आहे, आर्किटेक्चर नाही. एसक्यूलाइट मात्र तळाशीच बरं. ते वाचून कोणाचीही फवारणी बदलत नाही.

लॉगआउटचा इशारा तुझ्या मसुद्यात कुठेच नव्हता. मी चाचणीच्या फोनवर करून बघितलं, तीन नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून "आता नोंद कधीच हरवणार नाही" हे वाक्य मी लिहिलं होतं ते खोडलं. तसं छापलं आणि एखाद्याची निर्यातीची नोंद गेली, तर तो आपल्याला फोन करणार नाही, सरळ वहीकडे परत जाईल, कागदाच्या. माझं मत विचारशील तर लॉगआउट दाबल्यावर "२ नोंदी वर गेलेल्या नाहीत" असं ॲपनेच अडवायला हवं. २.४ मध्ये बसणार नसेल तर पुढच्यात घे, पण तोवर ती इशाऱ्याची ओळ मजकुरातून काढायची नाही.

'सिंक' हा शब्द मी कुठेही ठेवलेला नाही, 'वर जाणं' म्हटलंय. फोनवर आपले बागायतदार तसंच बोलतात: "ताई, माझी नोंद वर गेली का?" स्क्रीनवर अजून 'सिंक प्रलंबित' दिसतंय, तेही बदल. घोषणेत केशरी घड्याळ सांगायचं आणि स्क्रीनवर तिसरंच काहीतरी, असं नको.

एक खात्री करून दे: औषधाच्या बाटलीचा फोटो जोडला असेल तर तोही आपोआप जातो, की वायफाय लागतं? मला कळलं नाही म्हणून फोटोबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही. वायफाय लागत असेल तर हिरव्या खुणेच्या परिच्छेदात एक ओळ घालावी लागेल, नाहीतर पहिल्याच दिवशी तेच फोन येतील.

उत्तर दुपारी ४ पर्यंत दे. व्हॉट्सॲप गटांवर मी संध्याकाळी ७ नंतर टाकणार आहे. त्याआधी मंडळी बागेतच असतात, आणि तिथे रेंज नसते.

– वैशाली