सात वीस

आमच्या ऑफिसच्या इमारतीत स्वच्छतागृहं किती आणि कुठे, हे मला पहिल्या आठवड्यातच पाठ झालं. सहकाऱ्यांची नावं पाठ व्हायला महिना गेला. तळमजल्यावरचं सगळ्यात स्वच्छ, पण तिथे रांग. तिसऱ्या मजल्यावरचं कायम रिकामं, मात्र कडी नीट बसत नव्हती, त्यामुळे एक पाय दाराला लावून बसावं लागायचं. पाचव्यावरचं साहेबांच्या केबिनला लागून. तिथे मी एकदाच गेलो. त्यानंतर साहेब भेटले की मी लिफ्ट सोडून जिना धरायचो.

ऑगस्टमध्ये परदेशात आलो तेव्हा मी स्वतःला खवय्या समजत होतो. समोर येईल ते खायचं, नाक मुरडायचं नाही, असं ठरवूनच निघालो होतो. सकाळी उठायला उशीर, म्हणून नाश्ता नाही. वाटेत मोठा पेला भरून दुधाळ कॉफी. दुपारी क्रीम घातलेलं सूप आणि थंडगार सँडविच. रात्री नऊ-साडेनऊला एकदाच पोटभर, कधी डबाबंद राजमा, कधी सॉसमध्ये बुडालेला पास्ता, आणि लगेच अंथरुणात. पंधरा दिवस पोटाने ऐकून घेतलं. मग एका बैठकीत, सगळे गप्प बसून आकडे बघत असताना, ते बोललं. लांबलचक, सुरुवातीला खर्जात आणि शेवटी वर चढत जाणारं. शेजारच्या मुलीने खुर्ची सरकवल्याचा आवाज मुद्दाम केला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर रोज काही ना काही. तीन दिवस सलग धावपळ, मग दोन दिवस काहीच नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. आई फोनवर विचारायची, "जेवलास का रे?"

"जेवलो गं."

"मग आवाज असा का येतोय?"

आयांना कसं कळतं कोण जाणे.

मी इलाज म्हणून जे जे केलं त्याने प्रकरण वाढतच गेलं. कोंड्याचा पाव चांगला असं ऐकून एका दिवसात निम्मी लादी संपवली, रात्रभर पोटात ढग गडगडले. मग कॉफीचा वास तोंडाला राहू नये आणि भूकही मरावी म्हणून बिनसाखरेचं च्युइंगम सुरू केलं. दिवसाला पाकीटभर जायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं, पोट दाबतील आणि गोळी देतील. त्यांनी आधी प्रश्न विचारले. ताप येतो का, रक्त पडतं का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा आजार आहे का. सगळ्यांना नाही म्हणताना बरंही वाटलं आणि थोडं कमीपणाचंही, एवढा त्रास आणि आजार म्हणावा असं काही नाही! रक्ताची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "दूध किती पिता?"

"दूध पीतच नाही."

"कॉफी?"

"दोन."

"केवढ्या?"

मी हाताने उंची दाखवली. ते हसले. लहानपणी दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य जगातल्या बहुतेक लोकांच्या आतड्यात मोठेपणी कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. दोन-चार चमचे चालून जातात, अर्धा लीटर जात नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि त्यांच्या मेजवानीचा वायू आपल्या वाट्याला. "दोन आठवडे वही ठेवा," ते म्हणाले. "काय खाल्लं ते लिहा. आणि किती वाजता, तेही."

वही ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती तर मी देश सोडला असता. आठव्या दिवशी, लिहिता लिहिता, च्युइंगमच्या पाकिटाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं सहज वाचली. जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. स्पष्ट लिहिलेलं. गोडीसाठी त्यात सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही आणि पाणी ओढून घेतं. म्हणजे मी पोट बिघडलं म्हणून चिंतेत च्युइंगम चघळत होतो आणि च्युइंगम चघळत होतो म्हणून पोट बिघडत होतं. मी पाकीट टेबलावर उपडं ठेवलं आणि एकटाच बराच वेळ हसलो.

च्युइंगम सुटलं, कॉफी काळी झाली. निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं मात्र वहीच्या दुसऱ्या रकान्यात होतं. जेवणाच्या वेळा: २:१०, १२:००, ४:३०, "नाही", ९:५०. एखाद्या बिघडलेल्या घड्याळासारख्या.

मी राहत होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या. स्वयंपाकघर दोघांत एक. त्या रोज सातला खाली यायच्या, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायच्या, अंडं उकडायला ठेवायच्या आणि ते होईपर्यंत खिडकीशी बसून राहायच्या. वाचन नाही, रेडिओ नाही. मला आधी ते फार उदास वाटायचं. एका सकाळी पोट धरून बसलेलं मला पाहून त्या म्हणाल्या, "तुझ्या पोटाला बिचाऱ्याला माहीतच नाही, जेवण कधी येणार ते. ते सारखं दाराशी उभं."

दुसऱ्या दिवशी मी सातला खाली गेलो. कोमट पाणी, पाण्यात शिजवलेले ओट्स, एक केळं. त्यांचं अंडं भांड्याच्या तळाशी टकटक करत होतं. आम्ही काही बोललो नाही. असं चार दिवस काहीच घडलं नाही, आणि पाचव्या दिवशी, खाऊन वीस मिनिटं होतात न होतात तोच, पोटाने हाक मारली. ओरडून नव्हे, अगदी शहाण्यासारखी. नाश्ता पोटात पडला की मोठं आतडं जागं होतं, आणि सकाळी ते तयारीतच असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याला संधीच दिली नव्हती. त्या वेळी मी अर्धवट बूट घालून बससाठी पळत असायचो.

मग बाकीचं जमत गेलं. दुपारचं जेवण साडेबाराला, घरून नेलेला भात आणि भाजी. रात्रीचं साडेसातला, नंतर थोडं चालणं. कडधान्यं आधी दोन चमचे, आठवड्याने चार, मग वाटीभर. जुनं कडक चीज चालतं, त्यात दुधातली साखर नावालाच उरते, हा शोध मी तुकडा-तुकड्याने लावला. क्रीमचं सूप मात्र एकदा पुन्हा करून पाहिलं. वहीत त्या दिवसासमोर फक्त "तिसरा मजला" असं लिहिलंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे करतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, फोनने आपोआप केलं. जाग आली, खाली गेलो, ओट्स ठेवले. मालकीणबाई खिडकीशी होत्या, अंडं टकटकत होतं. मग हाक आली. वर जाताना फोन पाहिला, तर सहा वीस.

"अहो, घड्याळ मागे करायचं राहिलं तुमचं," मी जिन्यावरून म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी तू जाऊन ये," त्या म्हणाल्या.