वाक्यविन्यास: सात नियम, आणि झाड खालून वर

(एम.ए. मराठी, भाषाविज्ञानाचा पेपर. खानापूर, निपाणी आणि चिकोडीहून येणाऱ्या आमच्या ज्युनिअर मुलींसाठी.)

प्रकरण मोठं आहे, पण त्यातला निम्मा भाग इतिहास आहे. तेवढ्यापुरतं इतकं पुरेल: चॉम्स्कीने १९५७ साली वाक्यरचनेचे नियम सूत्रांसारखे मांडले. वाक्य म्हणजे एकामागे एक ओवलेले शब्द नव्हेत. शब्दांचे गट होतात, गटांचे आणखी मोठे गट होतात, आणि शेवटी वाक्य उभं राहतं. त्या गटाला पदबंध म्हणायचं. परीक्षेत खरं काम आहे ते नियम लिहिण्याचं आणि झाड काढण्याचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पहिल्या चाचणीत माझे गुण तिथेच गेले. प्रकरणातली उदाहरणं इंग्रजीची आहेत. इंग्रजीत क्रियापद आधी आणि कर्म नंतर, म्हणून तिथे VP → V NP. मी तोच नियम मराठी वाक्याला लावला आणि झाडाच्या फांद्या एकमेकींवरून गेल्या. मराठीत पदबंधाचं मुख्य पद शेवटी येतं: क्रियापद शेवटी, नाम विशेषणानंतर, शब्दयोगी अव्यय नामानंतर. आपले नियम असे:

```
S    → NP VP
NP   → (Det) (Num) (AdjP) N
NP   → NP (AdjP) N
AdjP → (Adv) Adj
PP   → NP P
VP   → (Adv) (PP) (NP) (NP) V (Aux)
X    → X Conj X
```

S म्हणजे वाक्य, N नाम, V क्रियापद, Adj विशेषण, Adv क्रियाविशेषण, P शब्दयोगी अव्यय, Aux सहाय्यक क्रियापद, Conj उभयान्वयी अव्यय. NP, VP, AdjP, PP हे त्यांचे पदबंध, आणि X म्हणजे यातली कुठलीही एक जात. बाण म्हणजे ‘यात मोडतो’. कंसातलं असेल तर असेल, नसेल तर नाही. Det मध्ये हा, तो, माझा, तुझा. Num मध्ये दोन, चार. दुसरा एनपी-नियम ‘मुलीची नवी वही’साठी आहे. तो स्वतःलाच पुन्हा बोलावतो, त्यामुळे ‘शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीची वही’ असं कितीही लांबवता येतं. ‘पुनरावृत्तिक्षमता म्हणजे काय’ हा प्रश्न आला तर हेच उदाहरण द्या. शेवटच्या नियमाचा अर्थ एवढाच की ‘आणि’ने जोडलेली दोन्ही टोकं एकाच जातीची असतात.

विभक्तीचे प्रत्यय (ने, ला, ची) नामासोबतच ठेवा. शब्दयोगी अव्यय मात्र लिहिताना जोडून असलं तरी झाडात सुटं करा: ‘टेबलावर’ म्हणजे ‘टेबला’ एनपीखाली आणि ‘वर’ P खाली. वेगळी पद्धत मानणारेही आहेत, पण एका उत्तरात एकच पद्धत पाळा.

आता झाड. वाक्य घेऊ: माझ्या आजीने त्या मुलीला गरम कुंदा दिला.

आधी वाक्य पानाच्या तळाशी लिहा, वरून सुरुवात करू नका. शब्दांत सुटसुटीत अंतर ठेवा आणि प्रत्येक शब्दावर त्याची जात लिहा: Det, N, Det, N, Adj, N, V. इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं.

मग क्रियापद धरा आणि त्यालाच प्रश्न विचारा. दिला: कोणी? कोणाला? काय? प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण उत्तर म्हणजे एक गट. ‘कोणाला’चं उत्तर नुसतं ‘मुलीला’ नाही, ‘त्या मुलीला’ आहे.

तिसरी पायरी बहुतेकजणी गाळतात: गट खरा आहे का हे तपासणं. ‘त्या मुलीला’च्या जागी ‘तिला’ ठेवता येतं, म्हणून तो पदबंध. ‘मुलीला गरम’च्या जागी काही ठेवता येत नाही, म्हणून शेजारी असूनही ते दोन शब्द एका गटात नाहीत. ‘गरम कुंदा’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेला तरी वाक्य टिकतं. ‘गरम’ ठेवून नुसता ‘कुंदा’ नेऊन बघा, कानालाच खटकेल. आणि कोणी विचारलं, ‘आजीने काय केलं?’, तर उत्तर येतं, ‘त्या मुलीला गरम कुंदा दिला.’ एवढा तुकडा एकटा उभा राहतो, हाच व्हीपीचा पुरावा. परीक्षेत झाडाखाली यातली एक चाचणी लिहिलीत तर झाड पाठ केलेलं नाही हे तपासणाऱ्याला दिसतं.

मग खालून वर जोडत जा. गरम आधी AdjP, मग कुंद्यासह NP. दोन्ही एनपी आणि V मिळून VP. कर्ता असलेली NP आणि VP मिळून S.

```
S
├─ NP
│  ├─ Det  माझ्या
│  └─ N    आजीने
└─ VP
   ├─ NP
   │  ├─ Det  त्या
   │  └─ N    मुलीला
   ├─ NP
   │  ├─ AdjP ─ Adj  गरम
   │  └─ N    कुंदा
   └─ V    दिला
```

इथे सोयीसाठी आडवं मांडलं आहे. पेपरात S वर मधोमध आणि फांद्या खाली.

शेवटी वरून खाली येत प्रत्येक फाटा नियमांशी ताडून पाहा. नियमात नसलेला फाटा असेल तर झाड चुकलं. फांद्या एकमेकींना छेदता कामा नयेत. ‘कुंदा आजीने मुलीला दिला’ असं उलटसुलट वाक्य आलं तर आधी मूळ क्रम लावा, त्याचं झाड काढा, आणि ‘कुंदा’ पुढे गेला आहे हे एका ओळीत लिहा. ‘दिला’ कुंद्याप्रमाणे चालतो, आजीप्रमाणे नाही, हे या झाडात दिसत नाही. हे नियम क्रम आणि गट सांगतात, सुसंवाद सांगत नाहीत.

दोन झाडांचा प्रश्न नक्की करून जा: ‘जुने विद्यार्थी आणि शिक्षक जमले.’ शिक्षकही जुने, की फक्त विद्यार्थी?

```
[NP [AdjP जुने] [N [N विद्यार्थी] आणि [N शिक्षक]]]
[NP [NP [AdjP जुने] [N विद्यार्थी]] आणि [NP [N शिक्षक]]]
```

शब्द तेच, क्रम तोच, अर्थ दोन. सरळ ओळीत हा फरक दाखवता येत नाही. झाड का काढायचं, याचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

उपवाक्याचा भाग प्रकरणात शेवटी उरकलेला आहे, पण आपल्याकडच्या मुलींना तोच सगळ्यात सोपा जावा. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ यात जोडणारा शब्द उपवाक्याच्या आधी. ‘उद्या येतो म्हणून म्हणाला’ यात तो नंतर. त्या जोडणाऱ्या शब्दाला C म्हणू आणि त्याच्यासकट उपवाक्याला S'. म्हणून दोन जोड्या लागतात:

```
S' → C S     VP → V S'     (की)
S' → S C     VP → S' V     (म्हणून)
```

आता कन्नड ऐका: ‘नाळे बरुत्तेने अंत हेळिद.’ नाळे म्हणजे उद्या, बरुत्तेने म्हणजे येतो, अंत म्हणजे म्हणून, हेळिद म्हणजे म्हणाला. शब्दाला शब्द लागतो आणि झाड तेच राहतं. भाषाकुळं वेगळी, एक आर्य आणि एक द्रविड, तरी दुसरी जोडी दोघींनाही चालते. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी बोलल्या जाऊन त्यांची वाक्यरचना किती जवळ आली, हे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं. तुमच्यापैकी ज्या घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात, त्यांनी दोन्ही भाषांची झाडं शेजारी शेजारी काढावीत. मला हे प्रकरण तेव्हाच समजलं.

रविवारपर्यंत ही तीन काढून आणा. पहिल्यात PP कुठे लागते ते बघा, दुसऱ्यात एनपीच्या आत एनपी आहे, तिसऱ्यात कर्ता दिसत नाही, तरी S खाली NP लिहून तिथे Ø घाला.

मुली बसमध्ये गाणी म्हणतात.
शेजारणीच्या मुलीची नवी सायकल हरवली.
काल दोन पत्रं पाठवली.