इलेक्टिव्ह: चिप डिझाइन घेऊ की एम्बेडेड?

अनिकेतदादा, कसा आहेस? मी तन्मय, रोबोटिक्स क्लबातला. पहिल्या वर्षाला तू मला सोल्डरिंग शिकवलं होतंस. कामात असशील म्हणून फोन न करता लिहितोय.

शुक्रवारपर्यंत इलेक्टिव्हचा फॉर्म भरायचा आहे. व्हीएलएसआय आणि एम्बेडेड एकाच गटात आलेत, म्हणजे एकच मिळणार. वर्गातली बरीच मुलं मार्क कुठे सुटतात ते बघून ठरवतायत. मला तसं नको.

एम्बेडेडमध्ये माझा हात बसलाय. मिनी प्रोजेक्टला काकांच्या कुळागरात एसटीएम32वर ओलावा मोजायचं यंत्र लावलं. वायर लांब, त्यामुळे सेन्सर मधूनच गप्प व्हायचा. ऑसिलोस्कोपवर बघितलं तर आयटूसीच्या कडा उभ्या चढायच्या सोडून घाटासारख्या चढत होत्या. 4.7 किलोओहमचे पुल-अप काढून 2.2चे घातले, आणि चाललं! असलं काम मला दिवसभर दिलं तरी चालेल.

पण सुट्टीत व्हेरिलॉगमध्ये असिंक्रोनस फिफो लिहिला आणि मन तिकडे ओढायला लागलं. पॉइंटर ग्रे कोडमध्ये का नेतात, तर एका वेळी एकच बिट बदलतो, म्हणून दुसऱ्या क्लॉकने ऐन बदलाच्या क्षणी वाचलं तरी जुना आकडा मिळेल नाहीतर नवा, भलताच नाही. कसलं डोकं लावलंय! अडचण एवढीच की मेटास्टॅबिलिटी साध्या सिम्युलेशनमध्ये दिसतच नाही. मग मला हे खरंच जमलंय की नुसती वेव्हफॉर्म छान दिसतेय, हे कोण सांगणार?

म्हणून माझा कल असा: बोर्ड हजाराच्या आत येतो, एम्बेडेड घरी बसून शिकता येतं. सेटअप-होल्ड, टायमिंग अ‍ॅनालिसिस हे मात्र समोर बसून कोणीतरी घासून घेतलं पाहिजे. तेव्हा वर्गात व्हीएलएसआय, घरी एम्बेडेड. यात कुठे भोक असेल तर दाखव.

शिवाय हे सांग. नुसत्या बीईवर डिझाइनला घेतात, की आधी व्हेरिफिकेशनलाच टाकतात? तसं असेल तर सिस्टिमव्हेरिलॉग आतापासून धरतो. ओपनलेन आणि स्कायवॉटरच्या 130 नॅनोमीटर पीडीकेवर आरटीएलपासून जीडीएसपर्यंत काही करून दाखवलं, तर मुलाखतीत त्याला किंमत असते का? आणि फर्मवेअरमध्ये शिरलेला माणूस पुढे पोस्ट-सिलिकॉन व्हॅलिडेशनमधून चिपकडे येऊ शकतो का? येत असेल तर माझी निम्मी चिंता मिटली.

आईचं म्हणणं वेर्ण्याला काहीतरी मिळेल ते बघ, बेंगळुरू कशाला. तिला मी सांभाळतो, ते तू मनावर घेऊ नकोस. मुलाखत घेणारे इलेक्टिव्हचं नाव बघतात की प्रोजेक्ट, एवढं खरं खरं सांग. टाइप करायला वेळ नसेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत व्हॉइस मेसेज टाक.

तन्मय