उजवा खांदा

कोट दोन दिवस उन्हात ठेवून, शिवणींतून ब्रश फिरवून झाला, तेव्हा नलूने तो खिडकीच्या उजेडासमोर धरला. कसर फक्त कॉलरला लागली होती. पण उजव्या खांद्यावर कापड झिजून विरळ झालं होतं. आप्पांनी महाबळेश्वरात टपालाची पिशवी त्याच खांद्यावरून वाहिली होती.

म्हणजे ओमच्या जॅकेटसाठी खांदे वापरता येणार नव्हते. ओमची छाती सव्वीस इंच, कोटाची चाळीस. तिने कागदी नमुना खांद्याच्या शिवणीपासून साडेचार इंच खाली सरकवला. जॅकेटची उंची साडेअठरा, खाली दुमडीला दीड. आप्पांचे खिसे त्यात जिथल्या तिथे राहत होते, कडेपासून चार इंच वर. आतल्या पिशव्या तेवढ्या छोट्या करायच्या. काज आणि बटणांची पट्टी कापून तिथे सोळा इंची चेन. खालून उरलेल्या पट्टीतून कॉलर आणि कोपरांची ठिगळं.

तिने ब्लेड बाजूला ठेवून रिपर घेतला. ब्लेड घसरलं की लोकरीचे धागे कापतं, आणि ती चीर रफूनेही नीट लपत नाही. अस्तर सुटलं, बकरम सुटलं. डाव्या खांद्यात एक पॅड निघालं. उजव्यात दोन, एकावर एक टाचलेली.

"आई, हे दुसरं कशाला?"

आईने पॅड हातात घेऊन दाबून पाहिलं. "मीच सांगितलं होतं शिंप्याला. खांदा उतरला होता त्यांचा. फोटोत वाकडे दिसायचे."

"आप्पांना माहीत होतं?"

"नाही गं. ते म्हणायचे, कोट छान बसलाय."

नलूने उजव्या खांद्यातली दोन्ही पॅड आईजवळच राहू दिली.

मशीनला सोळा नंबरची सुई लावली, टाका मोठा केला. कॉलरच्या कोपऱ्यावर चार पदर आले आणि सुई अडली. तिने उसवून आतले दोन पदर वेगवेगळ्या रुंदीचे कातरले, तेव्हा कोपरा सपाट बसला. प्रत्येक शिवण ओल्या सुती फडक्यावरून दाबली. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवली तर लोकर ताणते आणि चकाकते. बाह्यांच्या टोकाला दोन इंच आत दुमडून हाताने तुरपाई केली, पुढच्या वर्षी सोडायला. अस्तर आईच्या जुन्या पातळाचं, पाठीत मध्यावर एक इंचाची चुण घातलेलं. ती नसेल तर हात पुढे करताच अस्तर काखेत फाटतं.

सोमवारी ओमने चेन गळ्यापर्यंत ओढली. खिशात हात घातले, काढले, परत घातले. मग दप्तर उचलून उजव्या खांद्यावर टाकलं आणि दाराकडे निघाला.

"ओम," आजी आतून म्हणाली, "दोन्ही पट्टे घाल रे."