मावशीने सांगितलंय, पण मेसेज माझा आहे

हाय निखिल, मी सायली. तुझ्या काकूंच्या सकाळच्या वॉकच्या ग्रुपमध्ये एक बाई आहेत बघ, सगळ्यांच्या पुढे चालतात आणि तरी सगळ्यात जास्त बोलतात, त्यांची मी भाची.

आधी 'नमस्कार, तुम्ही कसे आहात' असं लिहिलं होतं, ते वाचलं तर बँकेतून मेसेज आल्यासारखं वाटायला लागलं, मग खोडलं. आपण एकाच वयाचे आहोत असं मावशी म्हणाली म्हणून सरळ अरे-तुरेवर आलेय. तुला खटकलं तर सांग, मी परत तुम्हीवर जाईन आणि आपण दोघंही थोडे अवघडून बोलू, चालेल.

तर झालं असं की गेल्या मंगळवारी मावशीने तुझा एक फोटो पाठवला, खाली चार ओळी आणि त्यातल्या तीन ओळी तुझ्या काकू किती चांगल्या आहेत यावर. फोटो तिने स्वतः क्रॉप केला होता, म्हणजे तू एकटा दिसावास अशी तिची इच्छा, पण तुझ्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय. मनगटावर घड्याळ आहे, एका बोटाला बँडेड आहे, माणूस नाही. मी तुझ्या चेहऱ्यापेक्षा त्या हाताकडे जास्त वेळ बघितलं, खरं सांगते. कोण आहे तो? आणि बोटाला काय झालं होतं?

मग दोन दिवस मी काहीच केलं नाही कारण मला हा प्रकार जमत नाही. मावशी रोज विचारायची, केलास का मेसेज, आणि वर सूचना, आधी नोकरीचं विचार, मग घरी कोण कोण असतं ते विचार, एकदम हसायच्या स्मायल्या टाकू नकोस, मुलगी उथळ वाटते. मी तिला म्हटलं, मावशी हा इंटरव्ह्यू असेल तर तूच घे, तुला छान जमेल. ती खरंच विचारात पडली हे बघून घाबरले आणि म्हटलं आता आपणच लिहिलेलं बरं.

या अ‍ॅपवर तू आहेस हेही तिनेच सांगितलं. तिला कसं कळलं ते विचारायचं धाडस नाही झालं. तुझं प्रोफाईल उघडलं ते खरं तर 'बघितलं हो मावशी' असं म्हणता यावं एवढ्यासाठीच. पण दुसऱ्या फोटोत तू गच्चीवर टेलिस्कोपला डोळा लावून वाकलायस आणि कपाळाला लाल लाईट बांधलाय. तो लाल लाईट बघून मी थांबले. कारण हौसेने फोटोपुरता टेलिस्कोपशेजारी उभा राहणारा माणूस लाल लाईट लावत नाही, तो मोबाईलचा पांढरा टॉर्च सगळ्यांच्या डोळ्यात मारतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची वीस-पंचवीस मिनिटांची मेहनत एका सेकंदात घालवतो. (तो माणूस मी होते. एका ग्रुपबरोबर पहिल्यांदा आकाश बघायला गेले होते तेव्हा. अजून तो ओरडा कानात आहे.)

म्हणजे आता मी तुला मावशीमुळे मेसेज करतेय की लाल लाईटमुळे, ते मलाच नीट सांगता येणार नाही. मावशीने दार दाखवलं, बेल मी वाजवतेय, असं समज.

तर मुद्द्याचं. मला तुला शनीबद्दल विचारायचंय. आमच्या घरात शनी म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, म्हणून हे विचारायला हक्काचं माणूस नाहीये.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये मी एका मैत्रिणीच्या भावाचा टेलिस्कोप चार दिवसांसाठी आणला. शनी आजवर चित्रातच बघितला होता, त्यामुळे डोक्यात ते ठरलेलं चित्र, गोळा आणि भोवती ऐटीत फिरणारी रुंद कडी. तासभर खटपट करून, शेजारच्या बिल्डिंगचा अँटेना दोनदा अगदी स्पष्ट बघून, शेवटी शनी सापडला. आणि कडी नव्हती. नुसता एक पिवळट मणी. मी लेन्स पुसली, आयपीस बदलला, परत आधीचा लावला, टेलिस्कोप बिघडवला आपण या भीतीने पोटात गोळा आला आणि त्या भावाला फोन करून सरळ सॉरीच म्हणाले. तो जे हसायला लागला ते थांबेना. मग म्हणाला, अगं कडी आहेत, सध्या आपल्याकडे कड करून उभी आहेत, नीट बघ. परत बघितलं, डोळा दुखेपर्यंत, आणि मग मण्याच्या दोन्ही बाजूंनी केसाएवढी बारीक रेघ दिसली. म्हणजे दिसली असं वाटलं, मग नाही वाटलं, मग परत दिसली. मण्यातून सुई आरपार गेलीय असं काहीतरी.

नंतर वाचलं की शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्यात दोनदा असं होतं, म्हणजे साधारण पंधरा वर्षांतून एकदा. पावणेतीन लाख किलोमीटर एवढा कड्यांचा पसारा, जाडी मात्र बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटरच्या आसपास, त्यामुळे बाजूने बघितलं की जवळपास गायबच. मग गॅलिलिओचं कळलं आणि जरा बरं वाटलं. 1610 मध्ये त्याने बघितलं तेव्हा त्याला वाटलं हे तीन गोळे एकमेकांना चिकटून उभे आहेत, आणि 1612 मध्ये परत बघतो तर बाजूचे दोघं नाहीत. त्याच्याकडे तर फोन करून विचारायला मैत्रिणीचा भाऊही नव्हता. ही कडी आहेत हे ह्युजेन्सने 1659 मध्ये छापून सांगितलं, तोपर्यंत गॅलिलिओ जाऊन सतरा वर्षं झाली होती. मला हे फार लागलं, का कुणास ठाऊक. माणसाने बरोबर बघितलं होतं आणि काय बघितलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर माझा प्रश्न असा की तू पहिल्यांदा शनी बघितलास तेव्हा तो कसा होता? पूर्ण उघडलेला की माझ्यासारखा सुईवाला? आणि तो भाऊ म्हणतो की कडी आता हळूहळू उघडतायत, 2032 च्या सुमाराला सगळ्यात छान दिसतील, पण मला एवढा धीर नाहीये. मधल्या काळात एखाद्या लहान टेलिस्कोपमधून बऱ्यापैकी दिसायला लागतील का, आणि पहिला टेलिस्कोप घ्यायचा तर कुठला घ्यावा, की आधी दुर्बीणच बरी? याचं उत्तर दिलंस तरी माझं काम झालं, बाकीचं आपोआप काय व्हायचं ते होईल.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे तुलाही कोणाशी बोलतोय ते कळेल. मी सबटायटल्स करते. लोक पडद्यावर भडाभडा बोलतात आणि मी ते दोन ओळींत बसवते, वाचणाऱ्याला वाचून व्हायच्या आत पुसलं जाऊ नये एवढीच काळजी. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं कापून स्वतःच्या वाक्यांना कात्री लावायचा कंटाळा येतो, त्यामुळे हा मेसेज असा मारुतीच्या शेपटासारखा झालाय. मावशीने तुझ्या काकूंना 'मुलगी फार शांत आहे' असं सांगितल्याचं कळलं. मी नवीन माणसांत शांत असते, हे खरं आहे, आणि ते साधारण अर्धा तास टिकतं. शिवाय मी 'छान गाते' असंही सांगितलंय बहुतेक, ते तू मनातून काढून टाक.

तुझ्याबद्दल मला काय सांगितलंय तेही सांगून टाकते, हिशोब बरोबर राहील. उंच आहेस, मोठ्यांशी नीट बोलतोस आणि 'त्याला रात्री जागायची सवय आहे पण ती सुटेल'. हे शेवटचं वाचून मी फोन बाजूला ठेवून हसले. सोडू नकोस प्लीज, दिवसा काय बघणार आहेस.

आणि एक जरा सिरियसली. तुलाही कोणी पाठी लागून हो म्हणायला लावलं असेल, किंवा आधीच कोणी असेल, किंवा सध्या या विषयाचाच वैताग आला असेल, तर बिनधास्त लिही, एका ओळीत लिहिलंस तरी पुरे. मी मावशीला सांगेन की आमचं जमलं नाही, कारण विचारलं तर माझ्यावर घेईन, मला सवय आहे. तुझ्या काकूंपर्यंत काही वेडंवाकडं जाणार नाही. फक्त मेसेज वाचून गप्प बसू नकोस, कारण मग मावशी रोज सकाळी तुझ्या काकूंना विचारणार आणि त्या बिचाऱ्यांना तिच्या स्पीडने चालता चालता उत्तर द्यावं लागणार.

घाई मात्र अजिबात नाही. तुझ्या प्रोफाईलवर 'फोन उशिरा बघतो' लिहिलंय, मी पण तशातलीच आहे. आठवडाअखेरीपर्यंत मला काही विचारायचं नाही असं मावशीकडून कबूल करून घेतलंय, ती किती पाळेल देव जाणे. आपण काय बोलतो त्यातलं घरी काही सांगायचं असेल तर आधी एकमेकांना विचारून सांगू, एवढं एक ठरवूया का? नाहीतर तुला टेलिस्कोपचं विचारलं की दुसऱ्या दिवशी तिकडे 'मुलीने महागाची वस्तू मागितली' असं पोचायचं.

टाईप करायचा कंटाळा आला तर व्हॉईस नोट पाठव, मला चालते. आणि तो हात कोणाचा आहे ते नक्की सांग.

सायली